मुख्यपृष्ठ की भांडार?

आमचा जुना टीव्ही गेला तेव्हा त्याच्या पडद्यावर आधी एक हिरवी रेघ आली, मग दोन, आणि शेवटी बातम्या देणाऱ्या बाईचं अर्धं तोंड कायमचं हिरवं झालं. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्याही अवस्थेत तीन महिने तो बघत होते. "ऐकायला तर येतंय," असं त्यांचं म्हणणं. मग एके दिवशी आवाजही गेला आणि नवा स्मार्ट टीव्ही घ्यायचं ठरलं.

दादांनी आयुष्यभर मार्केट यार्डात कांद्याचा गाळा चालवला. मूळचे वाघोलीचेच. पूर्वी जिथे त्यांची ज्वारी होती तिथे आता आमची सोसायटी आहे, आणि ते तिच्याच तिसऱ्या मजल्यावर राहतात. माझं माहेर पेठेतलं. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते, घरी बसून. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की मला जेवण जात नाही. नवरा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे घर शहराच्या एका टोकाला आणि पोट दुसऱ्या टोकाला. तो सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसतो तो संध्याकाळी उशिराच उगवतो. सासूबाई त्या आठवड्यात नणंदेच्या बाळंतपणाला चाकणला गेल्या होत्या. त्यामुळे टीव्ही आला त्या दिवशी घरात दादा आणि मी, दोघंच.

दुपारी एक माणूस ड्रिल घेऊन आला, भिंतीला चार भोकं पाडली, टीव्ही टांगला, आमच्या केबलच्या डब्याची वायर मागे खोचली आणि बूट घालायला लागला.

"अहो, पण चालू कोण करणार?" मी विचारलं.

"मॅडम, आमच्याकडे इन्स्टॉलेशन म्हणजे भिंत. सेटअप तुमचा तुम्ही. सगळं स्क्रीनवर येतं. वाचता येतं ना?"

मी वीस वर्षं पोटापाण्यासाठी फक्त वाचतेच आहे, हे त्याला सांगायचं मनात आलं होतं, पण लिफ्टचं दार बंद झालं.

आता अडचण अशी की दादांनी त्यांच्या दोन मित्रांना पाच वाजता टीव्ही बघायला बोलावलं होतं. एक शेजारच्या गाळ्यावरचे बटाटेवाले काका, आणि दुसरे काटेवाले काका. यांनी चाळीस वर्षं यार्डात काट्यावर पोती तोलली. तिघंही आता निवृत्त. दोघे पावणेपाचलाच आले. काटेवाले काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे त्यांनी काळा चष्मा घातला होता. तिघं सोफ्यावर ओळीनं बसले आणि काळ्या पडद्याकडे बघू लागले.

मी टीव्ही लावला. पहिलाच प्रश्न भाषेचा. लांबलचक यादी, प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत. त्यात 'मराठी' दिसल्यावर मला भरूनच आलं. नवरा असता तर त्यानं डोळे झाकून इंग्रजी निवडली असती. मी ताठ मानेनं मराठी निवडली.

"शाब्बास," बटाटेवाले काका म्हणाले.

पुढच्याच पडद्यावर वाक्य आलं: 'आपल्या दूरदर्शनाच्या वापराचे ठिकाण निवडा.' आणि खाली दोन पर्याय. 'मुख्यपृष्ठ' आणि 'भांडार'.

मी बघत राहिले. मुख्यपृष्ठ म्हणजे पुस्तकाचं पहिलं पान. टीव्ही पहिल्या पानावर कसा वापरणार?

"दादा, मुख्यपृष्ठ की भांडार, असं विचारतोय."

"भांडार म्हंजे कोठार. दुकान," दादा म्हणाले. "आपला गाळा हायच की अजून नावावर. सांग भांडार."

"हां, भांडार ठीक वाटतंय," काटेवाले काकांनी चष्म्यातून अनुमोदन दिलं. दुसरा पर्याय मलाही कळत नव्हता. मी भांडार दाबलं. पडदा एकदम इतका उजळला की मागच्या भिंतीवर आमच्या सावल्या पडल्या.

मग आलं नेटवर्क. टीव्हीनं आसपासच्या वायफायची यादी काढली. आमच्या सोसायटीतल्या लोकांनी आपापल्या वायफायला काय नावं ठेवली आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. एकाचं नाव होतं 'स्वतःचं घ्या', दुसऱ्याचं 'पासवर्ड विचारू नये', तिसऱ्याचं 'मेंटेनन्स भरा आधी', आणि ते बहुधा सोसायटीच्या खजिनदारांचं असावं. आमचं खाली शेवटी सापडलं. मी ते निवडलं, तर पासवर्ड. तो नवऱ्यानं दोनच आठवड्यांपूर्वी बदलला होता, आणि माझ्या फोनमध्ये त्यानं तो स्वतः भरून दिला होता. मी फोन केला.

"अहो, वायफायचा पासवर्ड सांगा ना."

पलीकडून बसचा हॉर्न, कुणाचं तरी हसणं. साडेपाचची बस आज पाचलाच निघाली होती म्हणे, आणि पहिल्याच चौकात अडकली होती. "मेसेज करतो," तो म्हणाला.

"अहो, सगळे वाट बघतायत. सांगा पटकन, मी स्पीकरवर टाकते. माझ्या हातात रिमोट आहे."

तो हळू आवाजात म्हणाला, "एम. कॅपिटल."

"मोठ्यानं बोला, इकडे ऐकू येत नाहीये."

"एम कॅपिटल! आय. जी कॅपिटल. एच, ए, आर, सी, एच, ए..."

रिमोटनं एकेक अक्षर शोधायला जीव जात होता. 'एच'वरून 'ए'कडे जायचं म्हणजे बाण डावीकडे पाच वेळा दाबायचा. सहाव्यांदा दाबला की तो भलतीकडेच उडी मारायचा. मी अक्षरं मोठ्यानं म्हणत होते आणि बटाटेवाले काका ती जोडून वाचत होते.

"मी... घर... चा," ते म्हणाले. "मी घरचा. पुढं?"

"आर कॅपिटल," फोनमधून आवाज आला, अगदीच पडलेला. "ए, जे, ए. मग ॲट, मग एक."

"मी घरचा राजा!" काका आनंदानं ओरडले.

बसमध्ये हशा पिकलेला आम्हाला इथपर्यंत ऐकू आला. कुणीतरी "जय हो राजे" म्हणालं. दादा छताकडे बघत होते. मी ओके दाबलं. टीव्ही म्हणाला, 'गुप्तशब्द चुकीचा आहे.'

"अहो, चुकीचा येतोय."

"राजामध्ये पहिला 'ए' दोनदा आहे."

"दोनदा कशाला?"

"अगं, एकाच 'ए'नं ते 'रजा' वाचलं जातं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून भरलं, कारण चुकलं की टीव्ही आधीचं सगळं पुसून टाकतो. यावेळी हिरवी खूण आली. सोफ्यावरून टाळ्या पडल्या.

मी समजले आता झालं. तर पडद्यावर लांबच लांब अटी आल्या आणि वर एक मोठं निळं बटण, 'सर्वांस सहमती द्या'. मी ते दाबणार तोच दादांनी हात वर केला.

"थांब पोरी. न वाचता सही करायची न्हाई."

"दादा, या कुणीच वाचत नाही."

"म्हणूनच लिहितात. आन् हे एवढं मोठं बटण कुणासाठी? जिथं घाई करतात तिथं गफलत असती. वाच."

म्हणून मी वाचलं. उभी राहून, मोठ्यानं. तिघं हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून ऐकत होते, आणि मी पोथीचे अध्याय लावावेत तशी कलमं वाचत होते: "'आपण ह्या यंत्राच्या सेवांना आपणांस सेवा देण्याची सेवा प्रदान करीत आहात...'" मध्येमध्ये माझा घसा नाही, व्याकरण अडत होतं. 'प्राप्तकर्त्यांस'मधला अनुस्वार गळला होता. एका कलमात क्रियापदच नव्हतं. मी तेवढं मनातल्या मनात घालून वाचलं.

वाचता वाचता एक गोष्ट मात्र निघाली. अटींचे चार भाग होते. पहिला भाग मान्य केल्याशिवाय टीव्ही पुढे जात नव्हता. पण बाकीचे तीन ऐच्छिक होते, आणि हे बारीक अक्षरात लिहिलं होतं. एकात टीव्ही म्हणत होता की तुम्ही पडद्यावर काय बघता ते मी ओळखून कंपनीला कळवीन. दुसऱ्यात, त्याप्रमाणे तुम्हाला जाहिराती दाखवीन. तिसरा आवाजाबद्दल होता, की रिमोटवरचं माइकचं बटण दाबून बोललात तर ते बोलणं ऐकून घेईन.

"म्हंजे मी काय बघतो ते हा गावभर सांगणार?" दादांनी विचारलं.

"कंपनीला सांगणार."

"एकच की. खोड ते."

मी त्या चौकटीतली खूण काढली.

"जाहिरातीचं?"

"तेबी खोड."

"आवाजाचं? यात बोलून शोधता येतं, टाइप करावं लागत नाही. बटण दाबल्यावरच ऐकतो म्हणे."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. नुकतंच मी एकेक अक्षर टाइप करताना त्यांनी पाहिलं होतं. "ते ठेवा," काटेवाले काका म्हणाले.

निळ्या बटणाकडे ढुंकून न बघता मी खालचं साधं 'पुढे' दाबलं, आणि टीव्ही मुकाट्यानं पुढे गेला. दादांनी मिशीवरून हात फिरवला. लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं की यार्डातलं शहाणपण माझ्या पदवीपेक्षा बरंच टिकाऊ आहे. अर्थात हे मी बोलले नाही.

पुढे खातं. टीव्हीनं एक आकडा दाखवला आणि सांगितलं की फोनवर हा भरा. यात टाइप करायचं फोनवर होतं म्हणून मला हायसं वाटलं. पटकन माझंच खातं जोडलं. पडदा क्षणभर फिरला, आणि मग व्हिडिओच्या रांगाच्या रांगा आल्या. 'तुमच्यासाठी खास निवडलेले', असं वर लिहिलं होतं.

त्रेचाळीस इंची पडद्यावर, दुकानाच्या उजेडात, पहिला व्हिडिओ होता: 'घोरणाऱ्या नवऱ्यावर सात घरगुती उपाय'. दुसरा: 'आडमुठ्या माणसांशी कसे वागावे?' आणि तिसरा, ज्याच्या चित्रात एक बाई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती: 'सासरच्यांना "नाही" म्हणायला शिका, भाग ४'.

मी रिमोटवर घाईघाईनं मागे जायचं बटण शोधू लागले.

दादा खाकरले. "भाग चार," ते म्हणाले. "म्हंजे तीन झाले वाटतं बघून?"

"दादा, ते आपोआप येतं."

"येऊ दे, येऊ दे. चांगलं हाय. कायतरी शिकती."

मी ते खातं तिथल्या तिथे काढलं. सेटिंगमध्ये खात्यावर जाऊन 'हटवा' म्हटलं की जातं. मग दादांच्या नावानं नवीन खातं उघडायचं ठरवलं, माझ्या फोनवरून, कारण त्यांचा फोन बटणांचा. नाव भरलं. जन्मतारीख विचारली.

"एक जून," दादा म्हणाले.

"माझीबी एक जून," बटाटेवाले काका म्हणाले.

"माझीबी," काटेवाले काका म्हणाले. तिघांनाही मास्तरांनी शाळेत घालताना एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. वर्षाबद्दल मात्र वाद झाला. दादा म्हणाले, मी स्वतः लावतो, आणि त्यांनी माझ्या फोनवरचं वर्षांचं चाक अंगठ्यानं जोरात फिरवलं. चाक गरगर फिरलं आणि थांबलं. मी न बघता 'पुढे' दाबलं. तिथे माझं चुकलं.

पडद्यावर आलं: 'आपण अल्पवयीन आहात. पुढे जाण्यासाठी पालकांची परवानगी आवश्यक आहे.'

"पालकाची?" बटाटेवाले काका म्हणाले. "भाजीची कशाला परवानगी?"

"आई-वडिलांची, काका."

दादा गंभीर झाले. "वडलांना जाऊन बत्तीस वर्षं झाली," ते म्हणाले. "आईला सत्तावीस. आता कुणाला विचारायचं?"

त्यांनी लावलेल्या वर्षानुसार दादा आठ वर्षांचे होत होते. मी मागे जाऊन त्यांना शहात्तरचं केलं. मग त्यांच्या फोनवर मेसेजनं आकडा आला, ओटीपी. मी म्हटलं, सांगा.

"न्हाई."

"दादा, तो आकडा भरायचा आहे."

"बँकेवाल्यांनी बजावलंय, ओटीपी कुणाला म्हंजे कुणाला सांगायचा न्हाई."

"अहो दादा, मी तुमची सून आहे."

"सुनेलाबी न्हाई. त्यांनी वेगळं सांगितलं व्हतं."

शेवटी माझा फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही फोन मांडीवर घेतले, पाठ आमच्याकडे केली आणि एका हातानं आडोसा करून सहा आकडे स्वतः भरले. खातं उघडलं. टीव्ही म्हणाला, 'स्वागत आहे!' व्हिडिओच्या रांगा आल्या, आणि यावेळी टीव्हीला दादांबद्दल काहीच माहीत नसल्यामुळे त्यात सगळी सरमिसळ होती. मला फार बरं वाटलं.

मी चहा टाकायला आत गेले. दूध उतू जाईपर्यंत बाहेरून जोरजोरात बोलणं ऐकू येऊ लागलं. ट्रे घेऊन आले तर टीव्हीवर फळं. नुसती फळं. काळ्या पार्श्वभूमीवर लालभडक डाळिंब सावकाश फुटतंय, दाणे उडतायत, मग संत्र्यावर पाण्याचे थेंब, मग टोमॅटोंचा पाऊस. आणि खाली पट्टी: 'कोट्यवधी रंग! खराखुरा अनुभव!'

"हे कुठलं लावलंत?"

"आपलं आपण लागलं," दादा म्हणाले. ते पुढे सरकून बसले होते. "हे डाळिंब भगव्या जातीचं न्हाई. भगव्याची साल अशी नसती. ह्यो बाहेरचा माल हाय."

"रंगवलाय," बटाटेवाले काका म्हणाले. "टोमॅटो बगा. असा टोमॅटो झाडावर लागतच न्हाई."

"संत्रं पोकळ हाय," काटेवाले काकांनी काळ्या चष्म्यातून निकाल दिला. "वजन न्हाई त्याला. हातात न घेता सांगतो."

मी बटण दाबून ते घालवलं. चहा अर्धा झाला नाही तोच डाळिंब पुन्हा फुटलं. पुन्हा घालवलं. मी उजेड कमी केला, तर थोड्या वेळानं तोही आपोआप पहिल्यासारखा झाला. तीनदा असं झाल्यावर मी नवऱ्याला फोन केला. तो बाणेरलाच होता.

"अहो, टीव्हीवर सारखी फळं येतायत. आणि खाली जाहिरात."

"कोणाची?"

"त्याचीच. तो स्वतःचीच जाहिरात करतोय."

तो हसला. बराच वेळ हसला. मघाचं उट्टं निघत होतं. "अगं, तू त्याला दुकानावर टाकलंयस. शोरूममध्ये गिऱ्हाइकांना दाखवायला तसं असतं. सुरुवातीला विचारतो तो, घर की दुकान."

"घर असं कुठेही नव्हतं. मुख्यपृष्ठ होतं."

"काय?"

आणि मग मला कळलं. कुणीतरी, कुठेतरी, कधीही मराठी न बोललेल्या यंत्रानं किंवा माणसानं, 'होम' हा शब्द बघितला होता आणि तो वेबसाइटचा समजून त्याचं मुख्यपृष्ठ करून टाकलं होतं. मी राहते ते घर नसून मुख्यपृष्ठ आहे, आणि मी वीस वर्षं मुद्रितं तपासूनही ही चूक माझ्या नाकाखालून गेली. मला त्या डाळिंबापेक्षा त्याचाच जास्त राग आला.

सेटिंगमध्ये गेले. दातेरी चाकाचं चिन्ह, मग 'सामान्य', मग अगदी खाली 'वापराचे ठिकाण'. भांडारावरून काढून मुख्यपृष्ठावर टाकलं. पट्टी गेली. उजेड माणसांना सोसेल एवढा झाला.

तिघं नाराज झाले.

"उतरला माल," दादा म्हणाले.

"मघाशी कसं होतं," बटाटेवाले काका म्हणाले.

मी त्यांना समजावलं की फळं गेली तरी टीव्ही हाच आहे. त्यांचं फारसं समाधान झालं नाही, पण तेवढ्यात दादांची नजर खालच्या रांगेकडे गेली. तिथे रंगीबेरंगी चौकोन ओळीनं उभे होते.

"हे काय?"

"ॲप. कंपनीनं आधीच घालून दिलेली."

"आपण मागितली व्हती?"

"नाही."

"मग निवड करू."

आणि सोफ्यावर खरंच यार्ड भरलं. मी एकेका चौकोनावर जायचं, नाव वाचायचं, आणि त्यांनी निकाल द्यायचा. पहिलं निघालं खरेदीचं. "बदला," दादा म्हणाले. कांद्यात सडक्या, डागी मालाला ते बदला म्हणतात. दुसरं पत्त्यांच्या खेळांचं. "बदला." राशिभविष्याचं. यावर बटाटेवाले काका जरा घुटमळले, पण आजचं भविष्य उघडून बघितलं तर त्यांच्या राशीला 'प्रवास टाळा' असं होतं आणि त्यांना रात्री परत लोहगावला जायचं होतं, म्हणून तेही बदला. व्यायामाचं ॲप, ज्यात एक मुलगी आम्हाला उठून उड्या मारायला सांगत होती, ते एकमतानं गेलं.

काही ॲप मुकाट्यानं गेली. 'काढून टाका' म्हटलं की झालं. काहींवर मात्र तो पर्यायच नव्हता, फक्त 'अक्षम करा' होतं. म्हणजे ती टीव्हीतच राहतात पण चालत नाहीत. दादांना हा शब्द भलताच आवडला. "कर अक्षम!" असं ते दर वेळी म्हणायचे, जणू काही एखाद्या व्यापाऱ्याचा परवाना रद्द करतायत. आणि दोन अशी निघाली की ती काढताही येत नव्हती आणि अक्षमही होत नव्हती. कंपनीचं स्वतःचं दुकान, आणि एक परदेशी चॅनेलांचं. ती मी रांगेतून उचलून पार शेवटी नेऊन ठेवली.

एक गोष्ट तरीही उरली. रिमोटवर एक ठळक लाल बटण होतं, एकाच ॲपसाठी, ज्याला दर महिन्याला पैसे भरावे लागतात. ॲप आम्ही अक्षम केलं, तरी बटण कुठे जाणार? दादांचा अंगठा नेमका तिथेच पडायचा, आणि दर वेळी 'हे ॲप पुन्हा सक्षम करायचे का?' अशी विनवणी यायची. चौथ्यांदा ती आली तेव्हा दादा उठले, आत गेले, औषधाच्या डब्यातली जखमेला लावायची पट्टी घेऊन आले आणि त्या बटणावर चिकटवली. ती आजही आहे. भिजली की बदलतात.

एक चौकोन तेवढा वाचला. त्यात माशांची टाकी होती, बाकी काही नाही. मासे इकडून तिकडे जायचे. काटेवाले काकांनी हात जोडून सांगितलं, हे ठेवा, डोळ्याला गार वाटतं. ठेवलं.

मग मी रिमोटवरचं इनपुटचं बटण दाबून केबलचा डबा शोधला. त्याला मराठीत 'बाह्य आदान दोन' म्हणतात हे मला आता कळलं. बातम्या लागल्या. बाईचं सगळं तोंड एकाच रंगाचं होतं. दादांनी पाच मिनिटं बातम्या बघितल्या, आणि मग रिमोट माझ्याकडून मागून घेतला. माइकचं बटण दाबलं, तोंडाजवळ धरलं आणि फोनवर परगावी बोलतात तसे ओरडले, "हॅलो! बैलगाडा शर्यत हाय का?"

पडद्यावर शब्द उमटले: 'बैलगाडा शर्यत आहे का'. त्यानं 'हाय' ऐकून 'आहे' लिहिलं, हे बघून मी त्याचे बरेच अपराध माफ केले. शर्यतींचे व्हिडिओ आले. त्यानंतर तासभर कुणी कुणाशी टीव्हीबद्दल बोललं नाही. कुठल्या गाड्याचा डावा बैल दमलाय, शर्यतीच्या घाटात कोण आधी पुढं सुटला, यावर तिघं भांडत होते आणि मी सोफ्याच्या टोकाला एका पुस्तकाची मुद्रितं घेऊन बसले होते. अधूनमधून माझंही लक्ष जायचं. एक पांढरा बैल फार देखणा होता.

नवरा आला तेव्हा पाहुणे निघतच होते. त्यानं बॅग ठेवली, टीव्हीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "बघू, काय काय केलंय ते. भाषा इंग्रजी करून देतो, म्हणजे सोपं पडेल."

"हात लावायचा न्हाई," दादा म्हणाले. "तिनं केलंय."

नवऱ्यानं हात खिशात घातले.

काटेवाले काका चपला घालता घालता दारात थांबले. काळा चष्मा वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पोरी, आमच्याकडंबी असाच एक हाय. ल्योकानं बंगळुराहून पाठवला. दीड वर्ष झालं."

"चालतो का नीट?"

"चालतो की. पण लावला की रोज विचारतो, 'कोण पाहत आहे?' आन् खाली चार तोंडं. ल्योकाचं, सुनेचं, दोन नातवांची. आमचं एकबी न्हाई."

"मग तुम्ही काय करता?"

"म्हातारी म्हणती, आपण कोण ते त्याला कशाला सांगायचं. बंद करतो आन् झोपतो."

मी त्यांना रविवारी येते म्हणून सांगितलं.